मध्यमावर मध्यम: ‘सो व्हॉट’मधल्या दोन कॉर्डची गोष्ट

२ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमधल्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाने आपल्यासह सहा जणांचा संच घेऊन ‘सो व्हॉट’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. स्टुडिओची इमारत पूर्वी चर्च होती, छत खूप उंच होते. रचनेचे मुख्य सूत्र एरवीप्रमाणे ट्रम्पेटकडे नाही. ते वाजवतो पॉल चेंबर्स, आपल्या उभ्या बासवर, खर्जात. त्याचे वाक्य संपले की बिल इव्हान्स पियानोवर दोनच कॉर्ड वाजवून त्याला उत्तर देतो: पहिला जरा लांबवलेला, दुसरा पटकन तोडलेला. पुन्हा बासचे वाक्य, पुन्हा तेच दोन कॉर्ड. पुढे ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोनही त्या उत्तरात सामील होतात.

हे दोन कॉर्ड पुढे इतके नावाजले गेले, की जगभरचे जॅझ पियानोवादक आजही त्यांना ‘सो व्हॉट कॉर्ड’ म्हणूनच ओळखतात. ऐकताना ते आनंदी वाटत नाहीत आणि दुःखीही वाटत नाहीत. ते कुठून तरी निघाले आहेत किंवा कुठे तरी पोहोचायचे आहेत, असेही जाणवत नाही. चारी बाजूंनी मोकळ्या असलेल्या जागेत ते उभे आहेत, एवढेच कानाला कळते. हा मोकळेपणा नेमका कशातून येतो, याचे उत्तर त्यातले सूर एकमेकांपासून किती अंतरावर ठेवले आहेत, यात आहे.

ते सूर कोणालाही पट्ट्यांवर शोधता येतील. ‘सो व्हॉट’ची सुरुवात डी या सुराला धरून आहे. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर पांढरी दोनचा सा. पहिल्या कॉर्डमध्ये खालून वर पाच पट्ट्या येतात: पांढरी तीन, पांढरी सहा, मग वरच्या सप्तकातली पांढरी दोन, पाच आणि सात. पाश्चात्त्य नावांनी ई, ए, डी, जी, बी. खालच्या सुरापासून वरच्यापर्यंतचे अंतर दीड सप्तकाहून जास्त आहे, त्यामुळे पेटीवर एका हाताने तो वाजणार नाही. कीबोर्डवर मात्र खालचे दोन सूर डाव्या हाताने आणि वरचे तीन उजव्या हाताने धरले की झाले. दुसरा कॉर्ड म्हणजे हाच आकार जसाच्या तसा एक पूर्ण स्वर खाली सरकवलेला: डी, जी, सी, एफ, ए. सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या.

आता शेजारशेजारच्या सुरांमधली अंतरे मोजू. ई पासून ए, ए पासून डी, डी पासून जी. तिन्ही वेळा अंतर एकच आहे, सा पासून शुद्ध मध्यमाचे. मधल्या काळ्या पट्ट्या धरून मोजले तर पाच पट्ट्यांचे. म्हणजे पहिल्या सुराचा मध्यम घेतला, मग त्या मध्यमाला सा मानून त्याचा मध्यम घेतला, आणि मग पुन्हा तेच केले. अशा रीतीने मध्यमावर मध्यम चढवत कॉर्ड उभे करण्याच्या पद्धतीला ‘क्वार्टल हार्मनी’ म्हणतात.

युरोपचे संगीत यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे वेगळ्या हिशेबाने चालले होते. तिथला साधा कॉर्ड म्हणजे सा, ग, प. सा पासून एक सूर सोडून ग, ग पासून एक सूर सोडून प. त्यात गंधार शुद्ध असेल तर तो मेजर, कोमल असेल तर मायनर. ऐकणाऱ्याला उजळ किंवा उदास वाटते ते मुख्यतः या मधल्या एका सुरामुळे. सा आणि प दोन्हीकडे तेच असतात. भाव ठरवण्याचे काम गंधाराकडे असते.

याच पद्धतीत आणखी एक यंत्रणा आहे. पंचमावर आणखी तीन पायऱ्या चढवून प, नि, रे, म असा चार सुरांचा कॉर्ड केला, की त्यात नि आणि म समोरासमोर येतात. या दोघांतले अंतर सा आणि तीव्र मध्यमाइतके. कानाला ते अस्वस्थ करते आणि नि वर सा कडे, म खाली ग कडे ओढला जातो. मोझार्टपासून हिंदी सिनेमातल्या वाद्यमेळापर्यंत कोट्यवधी चाली याच ओढीवर चालल्या आहेत. ताण निर्माण करायचा, मग घरी परतून तो सोडवायचा.

या व्यवस्थेत मध्यमाची पंचाईत झाली. मध्ययुगात, नवव्या शतकातल्या ग्रंथांत, चर्चमधल्या गाण्यात एक आवाज मूळ चाल गाई आणि दुसरा तीच चाल मध्यमाच्या अंतराने खालून गाई. तेव्हा हे अंतर गोड मानले जात होते. पुढे गंधाराचे राज्य आले आणि खर्जाच्या सुरावर धरलेला मध्यम ‘अजून न सुटलेला’ ठरला. सा–म–प वाजवले की विद्यार्थ्याने म खाली ग वर आणून ठेवायचाच, असा नियम झाला. गिटारवाले आजही या सा–म–प ला ‘सस फोर’ म्हणतात आणि बहुतेक गाण्यांत पुढच्याच ठोक्याला तो सा–ग–प होतो.

विसाव्या शतकातल्या रचनाकारांनी तो म खाली उतरवायचे नाकारले, आणि त्याच्यावर आणखी एक मध्यम ठेवला.

सा, म आणि त्यावर कोमल नि, असा तीन सुरांचा कॉर्ड घ्या. पहिली गोष्ट म्हणजे यात गंधार नाही, शुद्धही नाही आणि कोमलही नाही. त्यामुळे उजळ की उदास, हा प्रश्नच उभा राहत नाही. दुसरी गोष्ट, यात कुठल्याही दोन सुरांत तीव्र मध्यमाचे ते अस्वस्थ अंतर नाही. ओढणारी जोडीच नसल्यामुळे कॉर्ड कुठे जायची घाई करत नाही. तो तसाच थांबू शकतो आणि थांबल्यावर अपुरा वाटत नाही.

तिसरी गोष्ट जास्त मजेची आहे. या तीन सुरांतला सा कोणता, ते कानाला नक्की सांगता येत नाही. खालच्या सुराला सा मानले तर सा–म–नि. पण तेच तीन सूर मधल्यापासून मोजले तर सा–म–प होतात, आणि वरच्यापासून मोजले तर सा–रे–प. सा–ग–प या कॉर्डमध्ये दोन अंतरे वेगवेगळी असतात, एक मोठे आणि एक छोटे, म्हणून त्याचे वरचे टोक आणि खालचे टोक ओळखू येते. इथे दोन्ही अंतरे समान आहेत. त्यामुळे तिन्ही सुरांचा सा होण्याचा दावा बऱ्यापैकी सारखा राहतो, आणि ऐकणारा त्यांपैकी एकालाच धरून बसत नाही.

याला ध्वनिशास्त्राचीही साथ आहे. सा ची कंपने सेकंदाला २४० धरली तर शुद्ध मध्यमाची ३२० होतात, म्हणजे चारास तीन हे अगदी साधे प्रमाण. शुद्ध गंधाराची ३००, म्हणजे पाचास चार. पियानोवर मात्र सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने बहुतेक सूर आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडे हललेले असतात. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर पियानोचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. मध्यम फक्त दोन भागांनी चढा असतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा गंधार खुपतो, मध्यम खुपत नाही, त्याचे कारण हेच. मध्यमांच्या कॉर्डमध्ये गंधारच नसल्याने पियानोची ती जुनी खोट उघडी पडत नाही आणि सूर स्वच्छ ऐकू येतात.

शिवाय जागाही जास्त मिळते. सा–ग–प सात पट्ट्यांत मावतो, सा–म–नि ला दहा लागतात. खर्जात सूर जवळजवळ ठेवले की त्यांच्या कंपनांची एकमेकांशी खडखड होते आणि आवाज गढूळ होतो. मध्यमांचे अंतर मोठे असल्याने ही खडखड कमी होते. डाव्या हाताला खाली उतरून भक्कम वाजवायचे असेल, तर याचा थेट उपयोग होतो.

या आकाराचे सामर्थ्य पहिल्यांदा ठळकपणे मांडणाऱ्यांत व्हिएन्नाचा आर्नोल्ड शोनबर्ग येतो. १९०६ मध्ये त्याने पंधरा वाद्यांसाठी पहिली ‘चेंबर सिंफनी’ लिहिली. सुरुवातीच्या संथ ओळींत वाद्ये एकेक करून दाखल होतात आणि जी, सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट असा सहा सुरांचा, मध्यमावर मध्यम चढलेला कॉर्ड उभा राहतो. तो विरघळून एफ मेजरचा साधा कॉर्ड होतो, आणि लगेच लय बदलून हॉर्न एकटा वर झेपावतो: डी, जी, सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट. तीच मध्यमांची रांग, फक्त आता एकेक सूर सुटा करून, चालीच्या रूपात. शोनबर्गने १९११ मध्ये हार्मनीवरचे आपले मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात मध्यमांच्या कॉर्डला त्याने स्वतंत्र प्रकरण दिले.

शोनबर्गचा हेतू आणि इव्हान्सचा हेतू यांत फरक आहे, तो नीट पाहायला हवा. शोनबर्गला मध्यमांची रांग हवी होती ती जुन्या घराची ओढ ढिली करण्यासाठी. सा कोणता, हे कळेनासे झाले की कुठल्याही सुरावरून कुठेही जाता येते. मध्यमावर मध्यम चढवत राहिले तर अकरा उड्यांत बाराच्या बारा सूर वाजून होतात आणि बाराव्या उडीला पहिला सूर परत येतो. ज्याला सगळे बारा सूर एका पातळीवर आणायचे आहेत, त्याच्यासाठी ही शिडी आयती होती. म्हणूनच त्याच्या सिंफनीत हा कॉर्ड मोकळा वाटला तरी निवांत वाटत नाही. सहा सुरांपर्यंत पोहोचताना त्यात जी आणि ए फ्लॅट, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्या, सप्तकांच्या अंतराने का होईना, समोरासमोर येतात आणि त्यांचा काटा टोचतो.

डेव्हिसला १९५९ मध्ये नेमके उलट हवे होते. त्याला एकाच जागी बराच वेळ राहायचे होते.

त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलत. वादकाने आलाप घ्यावा तसे स्वतःचे काही सुचवायचे, पण दर एक-दोन बारांना पायाखालचा कॉर्ड बदलणार, आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी जुळणारे सूर शोधायचे. ‘सो व्हॉट’मध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेननेच त्याच वर्षी मे महिन्यात ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केले. त्यात जवळपास दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलतो आणि लय अतिशय द्रुत आहे. कसोटी पाहणारी ती रचना आणि ‘सो व्हॉट’ यांत दोनच महिन्यांचे अंतर आहे.

‘सो व्हॉट’चे आवर्तन बत्तीस बारांचे आहे. पहिले सोळा बार डी ला सा मानून एकच स्वरसप्तक. मग आठ बार तेच सप्तक अर्धा स्वर वर, म्हणजे काळी दोनच्या सा ने. शेवटचे आठ बार पुन्हा पांढरी दोन. संपूर्ण आवर्तनात एवढेच दोन बदल. ते सप्तक म्हणजे ज्याला पाश्चात्त्य लोक डोरियन म्हणतात ते, आणि आपल्या थाटपद्धतीत त्याचे सूर काफी थाटाचे आहेत: सा, रे, कोमल ग, म, प, ध, कोमल नि. अर्थात सूर जुळले म्हणून ‘सो व्हॉट’ हा राग काफी होत नाही. त्यात रागाचे चलन नाही, वादी-संवादी नाहीत, फक्त स्वरांची निवड तीच आहे.

सोळा बार एकाच सप्तकात थांबायचे, तर साथीला कोणता कॉर्ड द्यायचा? ओढ असलेला कॉर्ड दिला तर तो पुढे ढकलत राहील आणि एकलवादकाला जागा मिळणार नाही. सा, कोमल ग, प असा मायनर कॉर्ड धरून ठेवला तर दर वेळी उदासपणाचा शिक्का बसेल आणि बाकीचे सूर परके वाटू लागतील. इव्हान्सने शोधलेले उत्तर पट्टीवरून सुरांत उलगडून पाहिले की त्याची हुशारी कळते.

डी ला सा मानले तर पहिल्या कॉर्डचे पाच सूर खालून असे येतात: रे, प, सा, म, ध. ओळीने लावले तर सा, रे, म, प, ध. हे दुर्गा रागाचे स्वर. दुसऱ्या कॉर्डचे पाच सूर: सा, म, कोमल नि, कोमल ग, प. ओळीने लावले तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानीचे स्वर. सा, म आणि प दोन्हींकडे आहेत. रे आणि ध फक्त पहिल्यात, ग आणि नि फक्त दुसऱ्यात. दोन्ही एकत्र केले की सप्तकातले सातही सूर पूर्ण होतात, एकही बाहेरचा येत नाही आणि एकही सुटत नाही. म्हणजे अवघ्या दोन ठोक्यांत इव्हान्स एकलवादकाला सांगतो की तुझ्या हातात आज हे सात सूर आहेत, यांतला कोणताही घे. त्यांतला कुठलाही एक सूर महत्त्वाचा म्हणून तो पुढे करत नाही.

या कॉर्डमध्ये एक बारकावा आहे. खालची तीन अंतरे मध्यमाची असली तरी सर्वांत वरचे, जी पासून बी चे, मध्यमाचे नाही. ते शुद्ध गंधाराचे आहे, एका पट्टीने कमी. नियम पाळायचा असता तर वर सी आला असता. बी घेतल्याने दोन गोष्टी साधल्या. वरचे तीन सूर, डी, जी आणि बी, मिळून ओळखीचा मेजर कॉर्ड झाला, त्यामुळे खाली मोकळेपणा आणि वर थोडी ऊब आली. आणि डी च्या हिशेबाने बी हा शुद्ध धैवत असल्याने, सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत ठळक ऐकू येणाऱ्या जागेवर तो बसला. नेहमीच्या मायनर सप्तकात धैवत कोमल असतो आणि डोरियनमध्ये शुद्ध. त्यामुळे डोरियनची ओळख सांगणारा सूरच माथ्यावर आला.

गिटार हाताशी असेल तर हा कॉर्ड ऐकायला काहीच दाबावे लागत नाही. गिटारच्या सहा तारा जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सर्वांत बारीक तार सोडून उरलेल्या पाच मोकळ्या तारा छेडल्या की ‘सो व्हॉट’चाच पहिला कॉर्ड वाजतो, फक्त एक सप्तक खाली. तीन मध्यम आणि त्यावर एक गंधार, ही रचना गिटारच्या जुळणीतच आहे.

मात्र याच पाच सुरांच्या खाली खर्ज बदलला तर चित्र पार बदलते. चेंबर्सच्या बासमध्ये डी आहे, म्हणून आपण डी ला सा मानले. त्याच पाच सुरांखाली सी वाजवला तर तो भरगच्च, उजळ सी मेजर वाटतो. जी वाजवला तर तेच पाच सूर सा, रे, ग, प, ध होतात, म्हणजे थेट भूपाचे स्वर. पियानोवादकाची बोटे जागची हललेली नसतात. मध्यमांचे कॉर्ड स्वतःचा सा ठामपणे सांगत नाहीत, त्यामुळे तो सांगण्याची जबाबदारी खर्जावर पडते. बासवादक गोंधळलेला असेल किंवा नसेलच, तर असे कॉर्ड वाजवणारा पियानो भरकटल्यासारखा ऐकू येतो. नवख्या वादकांच्या बाबतीत हे वारंवार घडते. त्यांना वाटते कॉर्ड चुकला, चुकलेला असतो तो पाया.

ही जबाबदारी डाव्या हाताने उचलायची रीत कोल्ट्रेनच्या पियानोवादकाने, मॅकॉय टायनरने रुळवली. फिलाडेल्फियाचा टायनर १९६० मध्ये, वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, कोल्ट्रेनच्या चौकडीत आला आणि १९६५च्या अखेरपर्यंत राहिला. त्याचा डावा हात पियानोच्या खालच्या टोकाला सा आणि पंचमाची जोडी घणासारखी हाणतो, ती घुमत राहते, आणि तोच हात झटकन मधल्या सप्तकात येऊन मध्यमांचे तीन सुरांचे कॉर्ड वाजवू लागतो. पाया आधी रोवायचा, मग त्यावर मोकळे बांधकाम करायचे. ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’मध्ये ही पद्धत सर्वत्र ऐकू येते. एल्विन जोन्सचे ड्रम आणि कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन यांच्या गदारोळातही पियानो दबत नाही, कारण त्याच्या सुरांमध्ये मोकळी जागा आहे.

टायनरने आणखी एक युक्ती वापरली. मध्यमांच्या कॉर्डचा आकार सर्वत्र सारखाच असल्याने तो आख्खा उचलून अर्धा स्वर वर किंवा खाली सरकवता येतो. क्षणभर सप्तकाच्या बाहेरचे सूर ऐकू येतात, ताण वाढतो, आणि पुढच्याच क्षणी आकार परत जागेवर येतो. ओढ लावणारा नि–म चा जोड न वापरताही ताण आणि सुटका मिळते. १९६७च्या ‘द रिअल मॅकॉय’ या तबकडीतली ‘पॅशन डान्स’ ही रचना या खेळासाठी मुद्दाम ऐकावी.

मग सगळ्यांनी हेच का वापरू नये? त्याला मर्यादा आहेत, आणि पहिली मर्यादा पट्ट्यांवरच भेटते. केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर मध्यमाच्या अंतराने चालत गेले, तर सगळी अंतरे सारखी येत नाहीत. पांढरी चार आणि पांढरी सात, म्हणजे एफ आणि बी, यांतले अंतर शुद्ध नव्हे तर तीव्र मध्यमाचे आहे. पांढऱ्या पट्ट्यांवर तीन सुरांचे असे सात कॉर्ड होतात. त्यांतल्या पाचांत दोन्ही अंतरे शुद्ध मध्यमाची असतात. उरलेल्या दोघांत, सी–एफ–बी आणि एफ–बी–ई मध्ये, तो अस्वस्थ जोड येतो. कॉर्ड क्रमाने सरकवत नेताना या दोन ठिकाणी रंग अचानक गडद होतो. कुशल वादक तिथे थांबत नाही, किंवा ताण हवा असेल तेव्हा मुद्दाम थांबतो. व्हिन्सेंट पर्सिकेटी या अमेरिकी रचनाकाराने १९६१ मध्ये विसाव्या शतकातल्या हार्मनीवर पाठ्यपुस्तक लिहिले, त्यातही मध्यमांच्या कॉर्डचे असे शुद्ध आणि मिश्र प्रकार वेगवेगळे करून सांगितले आहेत.

दुसरी मर्यादा उंचीची. तीन-चार सुरांपर्यंत मोकळेपणा टिकतो. पाच सुरांतही लगतच्या पट्ट्या एकमेकींना भिडत नाहीत, कारण चार शुद्ध मध्यमांच्या ओळीत अर्ध्या स्वराचे अंतरच तयार होत नाही. सहाव्या सुराला ते येते, जसे शोनबर्गच्या कॉर्डमध्ये आले.

तिसरी मर्यादा कानाच्या सवयीची. सगळेच कॉर्ड न ओढणारे असले, की ऐकणाऱ्याला वाक्य कुठे संपले ते कळत नाही. ‘सो व्हॉट’मध्ये हे काम आठ बारांसाठी येणारा अर्ध्या स्वराचा बदल करतो. तो काढून टाकला तर नऊ मिनिटांची ती रचना एकसुरी झाली असती.

मोकळा आवाज ऐकला की तो क्वार्टलच असतो असेही नाही. आरन कोपलंडची १९४२ची ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ अशा याद्यांत नेहमी घातली जाते. तिथे ट्रम्पेटची सुरुवातीची झेप मध्यमाने आणि मग पंचमाने वर जाते, खाली सूर दूरदूर ठेवलेले आहेत, आणि विस्तीर्ण माळरानाचा भास होतो. पण तो मोकळेपणा मुख्यतः चालीतल्या मध्यम-पंचमांच्या उड्यांचा आणि सुरांमधल्या रिकाम्या जागेचा आहे, मध्यमावर मध्यम रचलेल्या कॉर्डचा नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: चाल बाजूला ठेवून, एका क्षणी एकत्र वाजणारे सूर खालून मोजायचे. शेजाऱ्यांत दोन किंवा अधिक मध्यम लागोपाठ सापडले तरच तो कॉर्ड या घराण्यातला.

रागदारीवर आधारलेल्या गाण्याला कीबोर्डची साथ द्यायची वेळ येते, तेव्हा हा हिशेब आपल्याकडेही कामाला येतो. मालकंस घ्या: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात. पंचमच नसल्याने सा–ग–प जातीचा कॉर्ड सा वरून बांधताच येत नाही. ध–सा–ग हा मेजर कॉर्ड रागाच्या सुरांतून निघतो, पण तो वाजला की कान धैवतालाच सा समजू लागतो आणि मालकंस हरवतो. सा पासून मध्यमावर मध्यम चढत गेले तर मात्र सा, म, नि, ग, ध असे रागाचे नेमके पाचच सूर मिळतात, एकही परका नाही. त्यांतले सा, म आणि नि एवढेच कीबोर्डवर धरायचे. वरचे ग आणि ध पट्टीवर ठेवले तर ते समान विभागलेल्या सुरांत गोठतात आणि गायकाच्या मींडेशी त्यांचा झगडा होतो, म्हणून ते दोन सूर गळ्याकडेच राहू द्यायचे.